टाळूवरची खपली: भिजवावी, धुवावी, खरवडू नये

बाळ महिना-दीड महिन्याचं झालं, की बऱ्याच घरांत एक गोष्ट अचानक नजरेला येते. जावळ बोटाने बाजूला सारलं तर टाळूवर पिवळट, मेणचट, जाडसर पापुद्रे बसलेले दिसतात. कधी ते सुटे सुटे असतात, कधी एकमेकांत मिसळून अख्ख्या टाळूवर थर धरतात. भुवयांत आणि कानामागेही थोडे सापडतात. बाळ मजेत असतं, दूध पितं, झोपतं. काळजीत पडतात ती घरातली मोठी माणसं. मग सल्ले सुरू होतात. कुणी म्हणतं तेल थापून ठेवा, कुणी म्हणतं डाळीच्या पिठाने चोळा, कुणी फणी घेऊन बसतं आणि एकेक पापुद्रा उचकटायला लागतं.

डॉक्टर या खपलीला ‘क्रेडल कॅप’ म्हणतात. तान्ह्या वयातल्या सेबोऱ्हिक डर्मटायटिसचं हे डोक्यावरचं रूप. मूळ त्रास अगदी निरुपद्रवी आहे. काहीच केलं नाही तरी बहुतेक बाळांची खपली काही महिन्यांत आपोआप जाते. बाळाला दुखापत होते ती बहुधा खपली काढण्याच्या घाईने. ती टाळायची असेल तर दोनच गोष्टी नीट समजून घ्याव्या लागतात. डोक्याला लावलेलं तेल त्याच दिवशी धुऊन निघालं पाहिजे, आणि आपण होऊन न सुटलेल्या खपलीला नख, फणी किंवा खरखरीत फडकं लागता कामा नये.

खपली बनते कशी

आपल्या त्वचेत केसांच्या मुळाशी बारीक तैलग्रंथी असतात. त्यांचं काम हार्मोन्सच्या इशाऱ्यावर चालतं. बाळ पोटात असताना आईची हार्मोन्स वारेतून त्याच्यापर्यंत पोचतात, आणि जन्मानंतरचे काही आठवडे बाळाच्या तैलग्रंथी चांगल्याच जोरात असतात. पुढे हा जोर ओसरतो आणि थेट वयात येताना परत वाढतो. क्रेडल कॅप पहिल्या काही महिन्यांतच का होते आणि नंतर का जाते, याचं उत्तर बरंचसं यातच आहे.

दुसरा भाग मॅलासेझिया नावाच्या यीस्टचा. हा सूक्ष्म जीव जवळपास प्रत्येक माणसाच्या त्वचेवर असतो आणि जन्मानंतर लवकरच बाळाच्या अंगावर वस्तीला येतो. त्याला लागणारी स्निग्धाम्लं तो स्वतः बनवू शकत नाही, म्हणून त्वचेच्या तेलावर जगतो. तेलाचं विघटन करून स्वतःला हवं ते तो घेतो आणि उरलेली काही स्निग्धाम्लं, विशेषतः ओलेइक आम्ल, त्वचेवर सोडतो. काही बाळांच्या त्वचेला ती सोसत नाहीत. त्वचा किंचित सुजते आणि घाईने नव्या पेशी बनवू लागते.

एरवी मेलेल्या पेशी एकेकट्या, नजरेला न येता झडतात. इथे त्या झुपक्यांनी सुटतात, तेलात चिकटतात आणि एकावर एक बसत जातात. ही झाली खपली. तिचा वरचा भाग मेलेला आणि सैल असतो. खालचा भाग मात्र खालच्या जिवंत त्वचेला अजून धरून असतो. खरवडण्याचा सगळा धोका या खालच्या भागाशी आहे.

हे कळलं की घरातल्या बऱ्याच आरोपांना उत्तर मिळतं. बाळाला नीट न्हाऊ घातलं नाही म्हणून खपली होत नाही. बाळंतिणीने आंबट किंवा तिखट खाल्लं म्हणूनही होत नाही, तेव्हा त्यासाठी तिच्या जेवणावर बंधनं घालण्याचं कारण नाही. ती संसर्गजन्य नाही. बाळाचं टोपडं मोठ्या भावंडाने घातलं तरी त्याला ती लागणार नाही. साधारणपणे तिसऱ्या आठवड्यानंतर खपली दिसू लागते, तिसऱ्या महिन्याच्या आसपास भरात असते आणि सहा महिने ते वर्षाच्या दरम्यान बहुतेकांची निघून जाते. तिला खाज फारशी नसते. असली तरी बाळाची झोप मोडण्याइतकी नसते.

टाळूवरच थर जास्त का

टाळूची भीती सगळ्यांनाच असते. तिथे हाड अजून जुळलेलं नसतं, ठोका दिसतो, म्हणून न्हाऊ घालताना हात तिथून हलकेच निसटतो. बाकी डोकं धुतलं जातं, टाळू मात्र नुसती ओली होते. खरं तर टाळूवर त्वचेखाली चिवट पडदा असतो. बोटांच्या पेरांनी हलक्या हाताने तिथे शाम्पू फिरवला तर काहीच होत नाही. पुढची टाळू साधारण वर्ष-दीड वर्षापर्यंत उघडी राहते. तेवढे महिने ती न धुता राहणं हे काही तिचं रक्षण नाही.

आपल्याकडे याच्या जोडीला एक जुनी रीत आहे, टाळू भरण्याची. मालिश करणारी मावशी किंवा घरातली आजी टाळूवर तेलाची धार धरते, तळहाताने ते जिरवते आणि वर वेखंडाची पूड लावते. बाळाच्या डोक्यावरून मायेचा हात फिरतो, बाळ निवांत होतं, यात गैर काही नाही. अडचण तेलाच्या मुक्कामाची आहे. सकाळी घातलेलं तेल दुसऱ्या सकाळपर्यंत तिथेच राहिलं, त्यावर पुडीचा थर बसला आणि वर टोपडं बांधलं, की खपलीला हवं ते सगळं एका जागी मिळतं: सुटलेल्या पेशी, त्यांना चिकटवणारं तेल आणि यीस्टला खाद्य. तेलाने टाळू लवकर भरून येते असंही मानलं जातं. टाळू मिटते ती कवटीची हाडं वाढल्याने. बाहेरून लावलेल्या तेलाचा त्यात काही हात नसतो.

तेल: कशासाठी आणि कोणतं

म्हणजे तेल लावूच नये का? लावावं, पण त्याचं काम ओळखून. खपलीत तेल मुरलं की पेशींचे झुपके एकमेकांपासून सैल होतात आणि शाम्पूच्या फेसाबरोबर सहज निघतात. तेलाने खपली बरी होत नाही, ती फक्त सुटायला तयार होते. म्हणून तेल हे न्हाणाच्या आधीचं काम आहे. न्हाण झाल्यावर पुन्हा डोक्याला तेल लावलं तर आधीची मेहनत वाया जाते.

प्रमाण अगदी थोडं. पाव ते अर्धा चमचा तेल पूर्ण टाळूला पुरतं. ते ओतू नये. बोटांच्या पेरांवर घेऊन खपलीवर टेकवावं आणि हलकेच फिरवावं. पंधरा-वीस मिनिटं पुरेशी होतात. थर फार जाड असेल तर तासभर ठेवावं. रात्रभर ठेवण्याची गरज नसते.

कोणतं तेल घ्यावं याला थोडं महत्त्व आहे. औषधाच्या दुकानात मिळणारं, वास नसलेलं मिनरल ऑइल किंवा साधं पांढरं पेट्रोलियम जेली यांचा एक फायदा असा, की मॅलासेझियाला ते खाता येत नाहीत. घरचं शुद्ध खोबरेल तेलही चालतं, मात्र वर सांगितल्याप्रमाणे थोडा वेळ ठेवून धुवायचं. ऑलिव्ह तेल महाग आणि चांगलं म्हणून अनेक घरांत बाळासाठी खास आणलं जातं. त्यात ओलेइक आम्लाचं प्रमाण फार मोठं आहे. हेच आम्ल त्वचेला चेतवतं आणि तिच्या वरच्या संरक्षक थराची घडी विस्कटतं, हे आपण आधी पाहिलं. त्यामुळे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवा क्रेडल कॅपसाठी ऑलिव्ह तेल वापरू नका असं सांगते. मोहरीचं तेल मुळातच तिखट, झोंबणारं, तेही नको.

शेंगदाण्याच्या तेलाबद्दल वेगळं कारण आहे. ब्रिटनमध्ये हजारो मुलांवर जन्मापासून लक्ष ठेवणाऱ्या एका अभ्यासाचे निष्कर्ष 2003 साली प्रसिद्ध झाले. ज्यांच्या पुरळ उठलेल्या त्वचेला लहानपणी शेंगदाणा तेल असलेली क्रीम लावली होती, त्या मुलांत पुढे शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी जास्त आढळली. चेतलेल्या त्वचेतून एखादं अन्नद्रव्य शरीराला पहिल्यांदा भेटलं तर शरीर त्याला शत्रू मानू शकतं. म्हणून खपली असलेल्या डोक्याला ते तेल लावू नये.

मोठ्यांच्या कोंड्यावरचे घरगुती उपाय तर बाळापासून लांबच ठेवावेत. कोंड्यासाठी खोबरेलात कापूर घालण्याची पद्धत अनेक घरांत आहे. कापूर तान्ह्या बाळासाठी विषारी आहे. तो त्वचेतून आणि श्वासातून शरीरात जातो आणि त्याने झटके येऊ शकतात. लिंबाचा रस बाळाच्या कोवळ्या त्वचेला भाजल्यासारखं करतो, आणि खपलीखाली ती आधीच चेतलेली असेल तर जास्तच.

शाम्पू सौम्य आहे हे कशावरून

तेल काढायला नुसतं पाणी पुरत नाही. डाळीचं पीठ आणि साय लावून न्हाऊ घालण्याची आपली रीत अंगाला बरी वाटते. खपलीच्या बाबतीत मात्र तिच्या दोन उणिवा आहेत. पिठाचे कण जावळात अडकतात आणि तेलाबरोबर वाळून नवा थर बनवतात. शिवाय ते चोळताना बारीक घर्षण होतं. शिकेकाई आणि रिठ्याच्या पुडीचंही तेच, वर ती डोळ्यांत गेली तर फार झोंबते.

साबणाची वडीही डोक्याला नको. साबण अल्कधर्मी असतो, त्याचा सामू 9 ते 10 च्या घरात असतो. त्वचेचा स्वतःचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, साधारण 5.5 च्या आसपास असतो, आणि जन्मानंतरच्या आठवड्यांत बाळाची त्वचा हळूहळू त्या आम्लतेकडे जात असते. रोजचा साबण ती वाटचाल अडवतो. बोअरवेलचं जड पाणी असेल तर आणखी एक गोष्ट होते. पाण्यातलं कॅल्शियम आणि साबण मिळून न विरघळणारा पांढुरका साका तयार होतो. बादलीच्या कडेला जो दिसतो, तोच बाळाच्या केसांतही बसतो. खपली वाढली असं वाटतं तेव्हा त्यात हा साकाही असू शकतो. शाम्पूतली धुणारी द्रव्यं साबणापेक्षा वेगळी असल्यामुळे जड पाण्यातही असा साका धरत नाही.

बाळाचा शाम्पू निवडताना बाटलीवरच्या चित्रापेक्षा मागची यादी पाहावी. कोको ग्लुकोसाइड, डेसिल ग्लुकोसाइड, कोकामिडोप्रोपिल बिटेन अशी नावं सुरुवातीला दिसली तर तो तुलनेने सौम्य असतो. सोडियम लॉरिल सल्फेट हे त्यांच्यापेक्षा कडक. सुगंध नसलेला किंवा कमीत कमी सुगंधाचा बघावा. डोळ्यांना झोंबत नाही असं लिहिलेलं असलं, तर त्यातून एवढंच कळतं, की डोळ्यांना झोंबत नाही. त्वचेला सौम्य आहे की नाही ते यादीवरूनच ठरवायचं.

मोठ्यांच्या कोंड्याच्या शाम्पूला हात लावू नये. त्यातल्या काहींत सॅलिसिलिक आम्ल असतं. बाळाच्या शरीराच्या मानाने डोकं मोठं आणि त्वचा पातळ, त्यामुळे हे द्रव्य त्वचेतून रक्तात जास्त प्रमाणात उतरू शकतं. सेलेनियम सल्फाइडचे शाम्पूही या वयासाठी नाहीत.

खरवडल्यावर नेमकं काय होतं

खपली खरवडणाऱ्या माणसाचा हेतू चांगलाच असतो. हाताखाली एक पापुद्रा अख्खा निघाला की समाधानही वाटतं. पण वर सांगितलं तसं खपलीच्या खालचा भाग त्वचेला धरून असतो. घट्ट चिकटपट्टी ओढून काढावी तसं होतं, खपलीबरोबर तिच्याखालची त्वचाही उचकटून येते. तान्ह्या बाळाची त्वचा मोठ्यांपेक्षा पातळ असते. मोठ्या माणसाला किरकोळ वाटेल एवढ्या ओरखड्याने तिथे ओलसर, लाल जागा उघडी पडते.

अशा जागेतून जंतू शिरतात. नखांखाली, फणीच्या दातांत आणि अनेकांच्या त्वचेवर स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जिवाणू सापडतो. निरोगी त्वचेवर तो सहसा काही करत नाही, उघड्या जागी मात्र पू धरू शकतो. याच्या आधीच आणखी एक फसवी गोष्ट घडते. उघड्या जागेतून पाझरणारी लस वाळून मधासारख्या पिवळ्या रंगाची खपली तयार होते. बघणाऱ्याला वाटतं, तीच खपली परत आली. तो ती पुन्हा काढतो, खाली पुन्हा लस येते. असं चार-सहा दिवस चाललं की साध्या क्रेडल कॅपची जखम झालेली असते आणि बाळ आता खरोखर रडत असतं, कारण आता दुखत असतं.

खरवडण्याने केसही जातात. जावळाचे केस खपलीतून वर आलेले असतात. खपली ओढली की ते तिच्याबरोबर उपटून निघतात आणि टाळूवर टक्कल दिसू लागतं. हे केस बहुतेक वेळा परत येतात. खपली आपोआप सुटताना तिच्याबरोबर थोडे केस गेले तर त्याचीही काळजी नको. आपल्या सावळ्या-गव्हाळ त्वचेबद्दल एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. गोऱ्या बाळाच्या डोक्यावर सूज लाल दिसते, म्हणून लगेच कळते. आपल्याकडे ती लाली पटकन दिसत नाही, आणि सूज उतरल्यावर त्या जागी फिकट किंवा काळसर डाग राहतो. जितकं जास्त चोळलं, तितका डाग उठून दिसतो. तो भरून यायला काही महिने लागू शकतात.

एवढं करून खपली जात नाहीच. तेल, यीस्ट आणि घाईने बनणाऱ्या पेशी हे तिन्ही जागच्या जागी असतात, त्यामुळे काही दिवसांत नवा थर बसतो.

एका बाळाचं उदाहरण

समजा, सात आठवड्यांचं बाळ आहे. टाळूवर दोन रुपयाच्या नाण्याएवढी जाड पिवळी खपली, भुवयांत थोडे पापुद्रे, कानांमागे किंचित. बाळ चांगलं दूध पितं, वजन वाढतं आहे. रोज सकाळी टाळू भरली जाते, पिठाने न्हाण होतं, मग वेखंडाची पूड लावून टोपडं बांधलं जातं. आजी अधूनमधून फणी लावते.

पहिल्या दिवशी फणी बंद होते आणि तेलाची वेळ बदलते. सून म्हणते, “आई, तेल तुम्हीच लावा, पण न्हाणाच्या आधी वीस मिनिटं. नंतर डोकं कोरडंच ठेवू.” तेल लावणारा हात तोच राहतो, मायाही तीच राहते. फक्त तेलाचा मुक्काम एका दिवसावरून वीस मिनिटांवर येतो.

वीस मिनिटांनी बाळाचा मऊ केसांचा ब्रश किंवा मऊ सुती कापड घेऊन खपलीवरून लहान लहान गोलाकार फिरवायचं, साधारण मिनिटभर. जे सुटेल ते सुटू द्यायचं. एखादा पापुद्रा एका कडेने सुटून दुसऱ्या कडेने अडकला असेल तर तो तसाच ठेवायचा. दाब किती असावा, हे ओळखायची सोपी खूण म्हणजे बाळाचा चेहरा. दाब ठीक असेल तर बाळ शांत राहतं. कपाळाला आठ्या पडल्या किंवा मान वळवू लागलं तर हात जड झाला आहे.

मग पाणी. कोपर बुडवून पाहावं, सुखद कोमट लागलं पाहिजे. बाळाचं डोकं एका हातावर किंचित मागे कलतं धरून पाणी कपाळाकडून मागे जाऊ द्यावं. शाम्पूचे तीन-चार थेंब तळहातावर पाण्यात फेसून मग डोक्याला लावावेत, टाळूवरूनही पेरांनी फिरवावेत आणि पूर्ण धुवावेत. तेल जास्त लागलं असेल तर पुन्हा दोन थेंब घ्यावेत. डोकं टिपून कोरडं झालं की टाळूला पातळ कागद हलकेच टेकवावा. त्यावर पारदर्शक डाग उमटला तर तेल अजून आहे, म्हणजे उद्या तेल कमी घ्यायचं किंवा शाम्पू थोडा जास्त फिरवायचा. टोपडं डोकं पूर्ण वाळल्यावरच घालावं, आणि तेही रोज धुतलेलं.

भुवयांवरच्या पापुद्र्यांना मऊ कापडाच्या टोकाने तेलाचा एखादा थेंब टेकवून पुसलं तरी पुरतं. कानामागची जागा नुसत्या पाण्याने धुऊन कोरडी टिपावी, कारण घड्यांत तेल साठून राहतं.

पहिल्या दोन दिवसांत फारसा फरक दिसणार नाही, आणि नेमकं तेव्हाच कुणाला तरी फणी आठवते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून कडेचे पापुद्रे सुटू लागतात. आठवडा-दहा दिवसांत थर बराच पातळ होतो आणि खालची त्वचा दिसू लागते. ती ओली नसावी, दुखरी नसावी. किंचित गुलाबी असली तर चालतं. त्यानंतर रोज धुण्याची गरज उरत नाही. दर दोन-तीन दिवसांनी शाम्पू केला आणि मधून मधून थोडं तेल लावून धुतलं की पुरे. मध्येच पापुद्रे पुन्हा दिसले तर उपाय फसला असं समजू नये. तैलग्रंथींचा जोर ओसरेपर्यंत खपली थोडी थोडी येतच राहते. तेव्हा परत आठवडाभर हाच क्रम करावा.

इतका साधा उपाय का सांगितला जातो, यालाही कारण आहे. क्रेडल कॅपवरच्या उपचारांचा आढावा कोक्रेन या संस्थेने 2019 साली प्रसिद्ध केला. त्यात असं दिसलं, की या त्रासावर मोजकेच आणि लहान अभ्यास झाले आहेत, आणि अमुक औषधाने खपली नक्की लवकर जाते असं त्यांवरून ठामपणे म्हणता येत नाही. जे दुखणं बहुतेक बाळांत आपणहून जातं, त्यावर धोका नसलेलाच उपाय करणं शहाणपणाचं.

डॉक्टरांकडे केव्हा जायचं

दोन-तीन आठवडे असं नीट करूनही खपली हटली नाही, किंवा चेहऱ्यावर, मानेच्या घड्यांत, काखेत, लंगोटाच्या जागी पसरत गेली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावं. ते जरूर वाटल्यास बुरशीविरोधी औषध किंवा अगदी सौम्य स्टेरॉइड मोजक्या दिवसांसाठी देतात. मात्र औषधाच्या दुकानातून स्वतःहून आणलेली, स्टेरॉइड, बुरशीविरोधी आणि प्रतिजैविक एकत्र असलेली क्रीम बाळाच्या डोक्याला लावू नये. आपल्याकडे ती सर्रास विकली जातात. त्यातलं स्टेरॉइड बहुधा कडक असतं. चार दिवस खपली गायब होते, पण त्वचा आणखी पातळ होते आणि औषध रक्तातही उतरतं.

काही खुणा दिसल्या तर तीन आठवडे थांबायचं नाही, त्याच दिवशी जायचं. डोक्याची जागा लाल, गरम, सुजलेली असेल, त्यातून पू किंवा मधासारखी लस येत असेल, वास येत असेल, बाळाला ताप असेल किंवा ते दूध घेत नसेल, तर जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. सगळं अंग लाल होऊन साल निघू लागली आणि जोडीला जुलाब असतील किंवा वजन वाढत नसेल, तरी लगेच दाखवावं. खपलीच्या आजूबाजूला रक्ताळलेले किंवा जांभळे ठिपके दिसले, तर त्यामागे क्वचित आढळणारा गंभीर आजार असू शकतो, म्हणून तेही डॉक्टरांनी पाहायला हवेत.

खाजेकडेही लक्ष ठेवावं. बाळ डोकं उशीला सारखं घासतं, रात्री किरकिरतं, गाल कोरडे आणि लाल आहेत, असं असेल तर ती क्रेडल कॅप नसून एक्झिमा असू शकतो. त्याचे उपचार वेगळे असतात. डोक्यावर एखाद्या गोल जागेत केस तुटलेले दिसले तर नायट्याची शक्यता तपासावी लागते.

जावळ काढण्याआधी

जावळ काढण्याचा बेत ठरतो तेव्हा डोक्यावर खपली असेल, तर “एकदा वस्तरा फिरला की सगळं स्वच्छ होईल” असं घरात कुणीतरी म्हणतंच. वस्तऱ्याने खपलीच्या कारणांपैकी एकही जात नाही. उलट जाड खपलीला त्याचं पातं अडखळतं आणि टाळू कापली जाते. म्हणून जावळाच्या आधी दोन-तीन आठवडे तेल-शाम्पूचा क्रम करावा. ठरलेल्या दिवशीही थर असेल किंवा त्वचा ओली दिसत असेल, तर जावळ पुढे ढकलावं. काढायचंच असेल तर नवं पातं वापरावं, किंवा केस मशीनने आखूड करून घ्यावेत.

मालिश करणाऱ्या मावशींना ही सगळी कारणं सांगत बसण्याची गरज नाही. पहिल्याच दिवशी त्यांना तीन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात: डोक्याला तेल फक्त न्हाणाच्या आधी, टाळूवरही शाम्पू फिरला पाहिजे, आणि खपलीला नख लावायचं नाही. त्यांनी एवढं पाळलं तरी बहुतेक बाळांची टाळू एकही ओरखडा न उठता स्वच्छ होते.